सेंट गॉल मठाचा आराखडा : संकेत व प्रमाण

स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथील मठाच्या ग्रंथालयात जतन केलेला, इ. स. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील वास्तुतलविन्यास. चर्मपत्राचे पाच तुकडे एकत्र शिवून त्यावर तो रेखाटला असून त्याची लांबी सु. ११२ सेंमी. व रुंदी सु. ७७ सेंमी. आहे. तो मठाधिपती गोझबर्ट (कार. ८१६–८३७) यास उद्देशून पाठविला होता. बाराव्या शतकात याच चर्मपत्राच्या मागील बाजूस एक संतचरित्र लिहिले गेले. त्या मजकुरास जागा अपुरी पडल्याने पुढील बाजूच्या एका कोपऱ्यातील इमारत खरडून काढण्यात आली. त्यामुळे छायाचित्रात तेथे दिसणारी मोकळी जागा मूळ रचनेचा भाग समजू नये.

या आराखड्यास स्वतंत्र संकेतसूची नाही. तिचे काम तीनशेहून अधिक लॅटिन टिपा करतात. इमारती तांबड्या शाईने व टिपा तपकिरी शाईने काढल्या आहेत. कृष्णधवल छायाचित्रात हा भेद नाहीसा होतो आणि अक्षरे व रेषा एकमेकींत मिसळलेल्या वाटतात. भिंत एकेरी रेषेने दाखविली असल्याने तिची जाडी मोजता येत नाही. काही कमानी मात्र समोरून दिसाव्यात तशा जमिनीवर आडव्या पाडून काढल्या आहेत. त्यांना तलविन्यासातील भिंती समजणे ही नवख्या वाचकाची नेहमीची चूक होय.

आराखड्यावर मोजपट्टीही नाही. परंतु चर्चसंबंधीच्या टिपांत मापे दिली आहेत. मध्यवीथीची रुंदी ४० फूट, प्रत्येक पार्श्ववीथीची २० फूट, दोन खांबांमधील अंतर १२ फूट आणि चर्चची एकूण लांबी २०० फूट असे त्यांत म्हटले आहे. छायाचित्र कितीही लहानमोठे केले, तरी मध्यवीथीची रुंदी ४० फूट धरून प्रमाण काढता येते. समजा, ती छायाचित्रात २ सेंमी. भरली, तर १ सेंमी. म्हणजे २० फूट. याच प्रमाणाने पार्श्ववीथी १ सेंमी. भरते व टिपेशी जुळते. चर्चची लांबी मात्र सु. १५ सेंमी., म्हणजे ३०० फूट येते आणि खांबांमधील अंतरही १२ ऐवजी सु. २० फूट भरते. छायाचित्र तिरपे घेतल्यामुळे हा फरक पडला काय, हे पाहण्यासाठी मध्यवीथीची रुंदी दोन्ही टोकांस मोजावी. ती सारखी असल्यास छायाचित्र त्या दिशेने तिरपे नाही. येथील विसंगती मूळ चर्मपत्रावरच असल्याने चांगल्या छायाचित्रातही ती कायम राहते.

रुंदीची मापे जुळतात व लांबीची जुळत नाहीत, यावरून विद्वानांत मतभेद झाले. वॉल्टर हॉर्न व अर्नेस्ट बॉर्न यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात संपूर्ण रेखाटन ४० फुटांच्या एककावर बेतलेले असल्याचे प्रतिपादिले आणि लांबीची मापे म्हणजे चर्च आखूड करण्याची नंतरची सूचना मानली. इतर काहींना रेखाटनात काटेकोर प्रमाण पाळलेच नसावे, असे वाटते. गोझबर्टने ८३० मध्ये बांधावयास घेतलेले चर्च या आराखड्याबरहुकूम नव्हते. त्यामुळे इमारतीवरून या वादाचा निर्णय होत नाही. रेखाटनावरून एखादे अंतर सांगताना ते मोजून काढले की टिपेवरून घेतले, हे म्हणूनच नमूद करावे लागते.