भविष्याच्या पोटातला भूतकाळ

पिएर म्हणाला, "मी उद्या निघेन." हे दुसऱ्याच्या कानावर घालताना मराठी माणूस मध्ये एक 'की' टाकतो आणि मोकळा होतो: पिएर म्हणाला की मी उद्या निघेन. पिएरचा 'मी' आणि त्याचा 'उद्या' जागच्या जागी राहतात. फ्रेंचमध्ये ही सोय नाही. तिथे 'की'च्या जागी 'क' आला की पुढचा 'ज', म्हणजे 'मी', हा निरोप सांगणाऱ्याचा होतो. आपल्या सवयीने वाक्य तसंच ठेवलं तर निघणार पिएर, आणि ऐकणारा बॅग भरायला लावणार तुम्हाला.

म्हणून पिएरचं 'ज पार्तिरे दमँ' असं होतं: 'पिएर आ दी किल पार्तिरॅ ल लांदमँ.' 'ज'चा 'इल', म्हणजे 'तो', झाला. 'दमँ', म्हणजे उद्या, जाऊन 'ल लांदमँ', दुसऱ्या दिवशी, आलं. (या शब्दाला उपपद दोनदा चिकटलंय. पहिलं शब्दात विरघळून गेलं, तेव्हा लोकांनी वरून दुसरं लावलं.) आणि 'पार्तिरे'चं 'पार्तिरॅ' झालं. कानाला हा फरक निसटता आहे. कित्येक फ्रेंच लोक तो बोलण्यात पाळतही नाहीत. पण त्या शेवटच्या स्वरातच या नियमाचं कूळ लपलंय.

लॅटिनमध्ये 'की' लावून सांगायची पद्धत शिष्ट मानली जात नसे. सिसेरोच्या भाषेत 'तो म्हणाला' यानंतर कर्ता द्वितीया विभक्तीत जाई आणि क्रियापद आपले पुरुष-वचन टाकून 'असणे', 'येणे' अशा रूपात उभं राही. बोलणाऱ्या लोकांना मात्र 'क्वोद' किंवा 'क्विया' लावून पुढे सरळ वाक्य जोडणं सोपं वाटे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात ही रचना जागोजागी दिसते. पुढे तीच फ्रेंच 'क'ची रचना झाली, आणि एक अडचण उभी राहिली. जोडवाक्यात आता पुरुष आणि काळ दोन्ही दाखवणारं क्रियापद हवं. कालच्या माणसाने उद्याबद्दल केलेलं बोलणं कोणत्या काळात घालायचं?

उत्तर आधीच तयार होत होतं. लॅटिनचा जुना भविष्यकाळ बोलीत विरत चालला होता आणि त्याच्या जागी लोक 'निघणे' आणि 'असणे-बाळगणे' हे दोन शब्द जोडून बोलू लागले होते. आपल्या 'मला निघायचं आहे'च्या जवळचं काहीतरी. सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या बखरीत याचा जुना नमुना सापडतो. सम्राट जस्टिनियन पराभूत इराणी राजाकडे प्रांत परत मागतो. राजा म्हणतो, देणार नाही. सम्राट म्हणतो, 'दारास', म्हणजे देशील. बखरकार सांगतो की त्यावरून दारा शहराचं नाव पडलं. इतिहास म्हणून ही गोष्ट कच्ची आहे, ते शहर जस्टिनियनच्या आधी अनास्तासियसने वसवलं होतं. पण व्याकरणाचा पुरावा म्हणून ती सोन्याची आहे, कारण 'दारे' आणि 'हाबेस' हे दोन शब्द त्यात एकजीव झालेत.

आता या जोडातला दुसरा शब्द भूतकाळात टाका. 'पार्तिर'ला वर्तमानातलं 'आ' जोडलं की 'पार्तिरा', तो निघेल. भूतकाळातल्या 'आव्हॅ'चं शेपूट जोडलं की 'पार्तिरॅ', तो निघणार होता. अनेकवचनात हे उघड दिसतं: 'नू आव्हियों', आमच्याजवळ होतं; 'नू पार्तिरियों', आम्ही निघणार होतो. म्हणजे हा भविष्यकाळच, फक्त उभा राहिलाय भूतकाळात. शाळेत याला 'संकेतार्थी रूप' म्हणून शिकवतात, त्यामुळे कूळ झाकलं जातं. सुमारे 880च्या संत युलालीच्या गीतात हे रूप आलंय आणि तिथेही ते युलालीच्या मनातला निश्चय सांगतं: कौमार्य गमावण्यापेक्षा ती छळ सोसणार होती.

हे कळलं की एक कोडं सुटतं. फ्रेंच मुलांना दटावून सांगतात की 'सि' म्हणजे 'जर' यानंतर '-रॅ' कधी नको. आणि तरीही 'त्याने विचारलं, मी निघेन का' याचं फ्रेंच 'इल मा दमांदे सि ज पार्तिरॅ' अगदी बरोबर ठरतं. तिथला 'सि' म्हणजे 'जर' नव्हे, तो आपला प्रश्नातला 'का'. आणि 'पार्तिरॅ' अट घालत नाही, ते फक्त भविष्यकाळाला भूतकाळात नेतं. खूण सोपी: मुख्य क्रियापद वर्तमानात आणून पाहा. 'इल म दमांद सि ज पार्तिरे' असा साधा भविष्यकाळ परत आला, तर ती काळाची सरक होती. 'जर'च्या वाक्यात असा भविष्यकाळ कधीच येत नाही.

काळ नेहमी सरकतोच असंही नाही. सांगितलेली गोष्ट सांगतानाही खरी असेल, तर तो जागी राहू शकतो. 'गॅलिलिओ म्हणाला की पृथ्वी फिरते' यात फिरणं भूतकाळात ढकललंच पाहिजे, असं फ्रेंचही म्हणत नाही.

या रूपाची एक शाखा तर 'म्हणाला' हा शब्दच विसरून गेली. फ्रेंच वर्तमानपत्रात 'ल मिनिस्त्र सरॅ मालाद' छापून आलं, तर अर्थ होतो: मंत्री आजारी असल्याचं कळतं. कोण म्हणालं ते लिहिलेलं नाही. पण बातमी दुसऱ्याच्या तोंडची आहे आणि संपादक तिची हमी घेत नाही, एवढं ते '-रॅ' सांगून जातं.