एक ‘द्यावे’ आणि दुसरं ‘द्यावे’

गेल्या पावसाळ्यात एक छोटंसं अनुवादाचं काम हाती आलं होतं. एका तालुक्याच्या गावी डॉक्टरांसाठी उजळणी वर्ग होता आणि त्यासाठी एक पुस्तिका मराठीत करायची होती. डॉक्टरांना इंग्रजी येतंच, मग मराठी कशाला, असं मलाही वाटलं. पण पुस्तिका रात्रपाळीच्या टेबलावर राहणार होती. तिथे ती नवे वैद्यकीय अधिकारी वाचणार, सिस्टर वाचणार, आणि घाईत वाचणार. विषय होता सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचा तोल इतका बिघडतो की एकेक अवयव मान टाकू लागतो, ती अवस्था.

पानं सोळाच. चार दिवसांत करून टाकली आणि माझ्या मावसभावाकडे नजरेखालून घालायला पाठवली. तो फिजिशियन आहे, गावात त्याचं लहानसं हॉस्पिटल आहे. रात्री दादाचा फोन आला. “भाषा छान आहे गं. पण हे ‘द्यावे’ आणि ते ‘द्यावे’ एकच आहे का?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने मूळ इंग्रजी वाक्यं वाचून दाखवली. एकाची सुरुवात होती ‘वुई रेकमेंड’ आणि दुसऱ्याची ‘वुई सजेस्ट’. मी दोन्हीकडे ‘द्यावे’ लिहून मोकळी झाले होते. इंग्रजीतली ती क्रियापदं मला नुसती शिष्टाचाराची वाटली होती, आपल्याकडच्या पत्रातल्या ‘कळावे’सारखी. खरं तर सगळा अर्थ तिथेच होता. या दोन क्रियापदांमागे जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास आहे, हे मला त्यानंतरच्या दोन आठवड्यांत कळलं.

सुरुवात कॅनडातली. निरोगी माणसाची दरवर्षी सगळी तपासणी करावी का, हे ठरवायला तिथे एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७९ साली आला. समितीने प्रत्येक तपासणीला ए ते ई अशी अक्षरं दिली. ए म्हणजे ही तपासणी करावी याला चांगला पुरावा आहे. मधलं सी म्हणजे पुरावा तोकडा, दुसऱ्या कारणांनी ठरवा. आणि ई म्हणजे ही तपासणी करू नये याला चांगला पुरावा आहे. डॉक्टरी सल्ल्याबरोबर त्याचं वजनही सांगायचं, ही पद्धत इथून रुळली.

पुढे गोंधळ झाला तो असा, की ज्याने त्याने आपापली अक्षरं काढली. सेप्सिसचीच गोष्ट घ्या. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय गटाने आपली पहिली मार्गदर्शिका २००४ साली काढली, तीही ए ते ई अशा प्रतवारीची. पण तिच्यातलं ई म्हणजे ‘याला सगळ्यांत दुबळा पुरावा आहे’. शिरेतून द्रव भराभर देण्याची सूचना त्यात ई दर्जाची होती. तीच सूचना कॅनडाची अक्षरं पाठ असलेल्या डॉक्टरने वाचली असती, तर त्याला ‘देऊ नका, तसा चांगला पुरावा आहे’ असं वाटलं असतं! अक्षर एकच आणि अर्थ जवळजवळ उलटा.

हा गुंता सोडवायला २००० साली ‘ग्रेड’ नावाचा एक गट जमला होता. त्यांनी अक्षरांपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट केली. पुरावा किती भक्कम आहे हा एक प्रश्न, आणि सल्ला किती जोरात द्यायचा हा दुसरा, असे दोन प्रश्न त्यांनी वेगळे काढले. २००४ च्या त्यांच्या लेखातली सल्ल्याची विभागणी मला फार आवडली. करा, बहुधा करा, बहुधा करू नका, करू नका. इतकी साधी! पुढे यांचीच नावं ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ झाली. जोरदार सल्ल्याला ‘आम्ही शिफारस करतो’ आणि दुसऱ्याला ‘आम्ही सुचवतो’ असे ठरीव शब्द आले. सेप्सिसवाल्यांनीही २००८ पासून हीच पद्धत घेतली.

दोन प्रश्न वेगळे का, हे मला दादाने एका उदाहरणावरून समजावलं. सेप्सिसने रक्तदाब कोसळला असेल, तर अँटिबायोटिक लगेच, शक्यतो तासाभरात द्यावं, असं २०२१ ची आवृत्ती सांगते. या ‘तासाभराचा’ पुरावा तिने स्वतःच कमी दर्जाचा ठरवलेला आहे. तरी शिफारस ठाम आहे. कारण उशीर झाला तर जीव जाऊ शकतो, आणि तो डोस अनावश्यक होता असं नंतर कळलं तरी बहुतेकदा फार बिघडत नाही. पारडं एवढं एका बाजूला झुकलेलं असेल तर कच्च्या पुराव्यावरही जोरात बोलता येतं. पण पारडी जवळजवळ सारखी असतील तर नाही.

आता माझं वाक्य. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे निदान ३० मिलिलीटर द्रव शिरेतून द्यायचा. पन्नास किलोच्या बाईला दीड लिटर, म्हणजे ५०० मिलिलीटरच्या तीन बाटल्या. मार्गदर्शिकेच्या २०१२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत हा आकडा ठाम शिफारशीत होता. पुरावा तेव्हाही कमी दर्जाचाच होता. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०१५ पासून हा आकडा सरकारी मेडिकेअरच्या गुणवत्ता मोजणीत गेला. किती रुग्णांना ठरल्याप्रमाणे द्रव मिळाला, याचा हिशेब हॉस्पिटलांना द्यावा लागू लागला. ठाम शिफारशीचं हे असं असतं, तिचा नियम होऊ शकतो.

मग २०२१ च्या आवृत्तीत आकडा तोच राहिला, तीन तासही तेच राहिले. बदललं फक्त क्रियापद. ‘शिफारस करतो’च्या जागी ‘सुचवतो’ आलं. कारण तीस मिलिलीटरची त्याहून कमी किंवा जास्त द्रवाशी समोरासमोर तुलना करणारा प्रयोगच झालेला नव्हता. आणि दुसऱ्या पारड्यातही काही पडलेलं होतं. झांबियातल्या लुसाका इथे झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली आले. सेप्सिसने रक्तदाब घसरलेल्या प्रौढांना एका गटात ठरावीक पद्धतीने लवकर आणि भरपूर द्रव, गरज पडल्यास रक्तदाब वाढवणारी औषधं आणि रक्त दिलं. दुसऱ्या गटात नेहमीसारखे उपचार केले. पहिल्या गटात १०६ पैकी ५१ जण हॉस्पिटलमध्येच दगावले, दुसऱ्यात १०३ पैकी ३४. त्यांतल्या बहुतेकांना एचआयव्ही होता आणि तिथे अतिदक्षतेची साधनं तुटपुंजी होती, त्यामुळे तो निकाल सगळीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. पण दादा म्हणाला, “साधनं तुटपुंजी म्हणजे मला माझंच हॉस्पिटल दिसतं. तीन बाटल्या गेल्यावर फुफ्फुसात पाणी झालं, तर व्हेंटिलेटर पन्नास किलोमीटरवर.”

म्हणजे २०१६ ते २०२१ मध्ये जे काही बदललं, ते नेमकं माझ्या मराठीत पुसलं गेलं होतं. मला घाम फुटला.

मग शब्दांची शोधाशोध. आधी ‘वीक’ला सरळ ‘कमकुवत शिफारस’ लिहिलं. दादाने एक युक्ती सांगितली. अर्थ काय असं विचारायचं नाही, वाक्य वाचायला द्यायचं आणि विचारायचं, “असे दहा रुग्ण आले तर किती जणांना द्याल?” त्याच्याकडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ‘कमकुवत’ वाचून सांगितलं, दोन-तीन जणांना. त्यांना वाटलं सल्लाच फुसका आहे. प्रत्यक्षात या प्रतीचा अर्थ असा, की बहुतेकांना द्यायचं, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत वेगळा निर्णय योग्य ठरू शकतो, तेव्हा रुग्ण बघून ठरवा.

जागतिक आरोग्य संघटना ‘वीक’ऐवजी ‘कंडिशनल’ म्हणते. म्हणून ‘सशर्त’ करून पाहिलं. तर त्यांचा लगेच प्रश्न, “अटी कुठे छापल्यात?” ‘ऐच्छिक’ म्हटलं की परीक्षेतला सोडायचा प्रश्न आठवतो. ‘देण्यास हरकत नाही’ आणि ‘देता येईल’ यांत सल्ल्याची दिशाच हरवते, दिलं काय आणि न दिलं काय. ‘शक्यतो’ मला अगदी गोड वाटला होता, पण त्याचा अर्थ निघाला ‘बाटल्या शिल्लक असतील तर’.

उलट बाजूलाही मी घसरले. ठाम शिफारशीत जोर यावा म्हणून ‘द्यायलाच हवे’ असं लिहिलं. दादा म्हणाला, “तो च काढ. ठाम म्हणजे जवळजवळ सगळ्यांना. सगळ्यांनाच नव्हे. तो च वाचून उद्या कुणी अ‍ॅलर्जी न विचारता इंजेक्शन टोचेल.”

शेवटी गाडी सुटली ती ‘वीक’ शब्दाचा नाद सोडल्यावर. विशेषणाचं भाषांतर करायचंच नाही, डॉक्टरने काय करायचं ते लिहायचं. जिथे ‘वुई रेकमेंड’ होतं तिथे ‘ठाम शिफारस: द्यावे’. जिथे ‘वुई सजेस्ट’ होतं तिथे ‘सूचना: बहुतेकांना द्यावे, रुग्ण पाहून ठरवावे’. पुराव्याचा दर्जा पुढे वेगळ्या रकान्यात, म्हणजे दोन्हींची सरमिसळ नको. पहिल्या पानावर चार ओळींचा खुलासा. आणि सगळ्या पुस्तिकेत हेच दोन साचे. चांगलं दिसावं म्हणून कुठे ‘योग्य ठरेल’ आणि कुठे ‘इष्ट आहे’ असली पेरणी करायची नाही. एकच शब्द परत परत वापरू नये असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं, ते या कामात विसरावं लागलं.

‘बहुतेकांना’ हा शब्द मूळ वाक्यात नाही, हे मला ठाऊक आहे. तो पहिल्या पानावरच्या खुलाशातून उचलून मी प्रत्येक वाक्यात आणला. अनुवादकाने असं करावं का, यावर वाद होऊ शकेल. पण रात्री दोन वाजता पहिलं पान कोण उघडतं?

छापायच्या आधी त्याच डॉक्टरीणबाईंना द्रवाचं नवं वाक्य दाखवलं आणि तोच प्रश्न विचारला. त्या थोडं थांबून म्हणाल्या, “सात-आठ जणांना. पण आधी सांगा, यांतल्या कुणाचं हृदय किंवा मूत्रपिंड आधीपासून अधू आहे का? आणि पहिल्या बाटलीनंतर छाती तपासायला मिळेल ना?”

मी काही न बोलता पानं आवरली आणि छापायला पाठवली. असो. पुढचं काम पाककृतींच्या पुस्तकाचं आहे. त्यात ‘चवीनुसार मीठ’ असं लिहिलेलं दिसलं आणि पहिल्यांदाच वाटलं, किती विचार करून केलेली सूचना आहे ही!