१४.७ : कार्ब्युरेटर हद्दपार करणारा आकडा

१ एप्रिल २०२० रोजी देश टाळेबंदीत होता आणि रस्ते रिकामे होते. त्याच दिवशी भारतात बीएस-६ हे उत्सर्जन-मानक लागू झाले आणि जवळपास प्रत्येक नव्या मोटारसायकलीवरून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. एकदोन स्वस्त मॉडेलांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडलेला कार्ब्युरेटर काही काळ टिकून राहिला, एवढाच काय तो अपवाद. नियमांत तर कार्ब्युरेटरवर बंदी असल्याचा उल्लेखच नव्हता. दर किलोमीटरमागे किती ग्रॅम विषारी वायू बाहेर पडावा, एवढेच त्यांत सांगितले होते. मग शंभर वर्षे चाललेले, दोन स्क्रू आणि तीन-चार जेटांवर भागणारे ते स्वस्त यंत्र गेले कसे?

त्यासाठी आधी एक हिशेब मांडावा लागतो. पेट्रोलमधील ऑक्टेनचा एक रेणू पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. वजनात सांगायचे तर ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन हवा. हवेत वजनाने सुमारे २३ टक्केच ऑक्सिजन असल्याने ४०० ग्रॅमसाठी सुमारे १,७२० ग्रॅम हवा आत घ्यावी लागते. म्हणजे एका ग्रॅम ऑक्टेनला सुमारे १५ ग्रॅम हवा. पण पंपावर मिळणारे पेट्रोल निव्वळ ऑक्टेन नसते. त्यात टोल्युइनसारखी, कमी हायड्रोजनची संयुगे असतात आणि त्यांना साडेतेरा ग्रॅमच्या आसपास हवा पुरते. या साऱ्यांची सरासरी १४.७ येते. इंधनही उरू नये आणि ऑक्सिजनही उरू नये, असे हे स्टॉइकिओमेट्रिक प्रमाण.

हे आकडे इंजिनाच्या मापात पाहावेत. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चे इंजिन सुमारे ९७ घनसेंटिमीटरचे होते. असे इंजिन थ्रॉटल पूर्ण उघडा असताना एका श्वासात साधारण १०० मिलिग्रॅम हवा ओढते. तिला नेमके पुरेल असे पेट्रोल केवळ ६.८ मिलिग्रॅम. त्याऐवजी ८ मिलिग्रॅम पडले तर मिश्रण समृद्ध झाले, गॅरेजच्या भाषेत रिच. सव्वासहाच पडले तर विरळ, म्हणजे लीन.

सर्वाधिक शक्ती १४.७ वर मिळत नाही, हे अनेकांना अनपेक्षित वाटते. ती मिळते साडेबारा ते तेराच्या दरम्यान. कारण सिलिंडरमध्ये मर्यादा हवेची असते, पेट्रोलची नव्हे. मिश्रण क्षणार्धात जळायचे असते आणि ते कधीच पूर्ण एकजीव नसते. थोडे पेट्रोल जास्त घातले की आलेला जवळजवळ प्रत्येक ऑक्सिजन-रेणू कामी लागतो, ज्योतही अधिक वेगाने पसरते. उरलेले पेट्रोल अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर जाते. उलट, कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर हवे असेल तर हवा जास्त द्यावी लागते. सोळाच्या आसपास पेट्रोलचा थेंबन् थेंब जळतो आणि मायलेज वाढते. मात्र त्याच इंजिनाचा जोर कमी होतो. त्याहून विरळ केले की ज्योत रेंगाळते, एखादा स्फोट हुकतो, आणि न जळलेले पेट्रोल जसेच्या तसे नळीतून बाहेर पडते.

धुरातील तीन घटक या प्रमाणाला तीन वेगळ्या रीतींनी प्रतिसाद देतात. कार्बन मोनॉक्साइड समृद्ध मिश्रणात झपाट्याने वाढतो. न जळलेले हायड्रोकार्बन समृद्ध बाजूलाही वाढतात आणि फार विरळ बाजूलाही. तिसरा घटक, नायट्रोजनची ऑक्साइडे, मात्र नेमका तिथेच कळस गाठतो जिथे मायलेज चांगले असते, म्हणजे किंचित विरळ मिश्रणात. तिथे ज्वाला अजून पुरेशी तप्त असते आणि नायट्रोजनशी जुळायला मोकळा ऑक्सिजनही शिल्लक असतो.

भारतीय नियमांनी सुरुवातीला यांपैकी पहिल्याच घटकाकडे लक्ष दिले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकी-तीनचाकींसाठी निष्क्रिय चालीत, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के ठेवली. साडेचार टक्के म्हणजे साधारण १३ चे मिश्रण. बंधन सैलच होते. ही परीक्षा उत्तीर्ण करण्यासाठी कारागिराला निष्क्रिय चालीचा स्क्रू थोडा फिरवणे पुरे असे. रस्त्यावर, चढावर, वेगात इंजिन काय सोडते ते या तपासणीला दिसत नसे. नायट्रोजनची ऑक्साइडे तर ती मोजतच नव्हती, आणि उभ्या इंजिनात ती फारशी तयारही होत नाहीत.

त्या काळातल्या दोन-स्ट्रोक स्कूटरांचा दोष निराळाच होता. त्यांच्यात ताजे मिश्रण जळालेल्या वायूला ढकलत असताना स्वतःच त्याच्याबरोबर बाहेर निसटते. पेट्रोलचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असा वाया जातो. मिश्रण कितीही नेमके ठेवले तरी ही गळती थांबत नाही. म्हणून धावत्या गाडीच्या उत्सर्जनाची बंधने कडक होऊ लागली तसा बाजार चार-स्ट्रोककडे वळला. दुचाकींसाठी २००० साली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून किलोमीटरमागे २ ग्रॅमची मर्यादा होती, ती २०१० मध्ये १ ग्रॅम झाली.

‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा. दोन घटकांची बेरीज मर्यादेत बसली की झाले. चार-स्ट्रोक इंजिनात हायड्रोकार्बन मुळातच कमी, त्यामुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांना वाव राहत असे. कारखान्यांनी कार्ब्युरेटर विरळ बाजूला बसवले, एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी झडप लावली, पुढे साधा ऑक्सिडीकारक उत्प्रेरक दिला. मायलेज उत्तम मिळे आणि प्रमाणपत्रही. भारतीय ग्राहकाला हवे तेच नियमालाही चालत होते. ही तडजोड चतुर होती, पण तिची किंमत शहरांच्या हवेने दिली.

मोटारींचा मार्ग आधीच वेगळा झाला होता. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक आणि शिसेरहित पेट्रोल आवश्यक झाले. शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून त्याला निकामी करते, म्हणून या दोन गोष्टी एकत्रच याव्या लागल्या. फेब्रुवारी २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले.

तिन्ही घटकांचा एकाच वेळी नाश करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या व्होल्वो मोटारींवर प्रथम आला. त्याची अट विलक्षण आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांना जळायला ऑक्सिजन हवा, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऱ्होडियमवर ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. धुरात मोकळा ऑक्सिजन जास्त असेल तर दुसरे काम थांबते, कमी असेल तर पहिले. दोन्ही एकत्र चालतात ती फट १४.७ च्या दोन्ही बाजूंना जेमतेम एखादा टक्का रुंद आहे. आपल्या ९७ घनसेंटिमीटरच्या इंजिनात हा टक्का म्हणजे ०.०७ मिलिग्रॅम पेट्रोल.

कार्ब्युरेटरला हे जमत नाही. हवेच्या वेगाने निर्माण होणाऱ्या दाबफरकावर तो पेट्रोल ओढतो. ऑक्सिजनचे वजन त्याला कळत नाही. मैदानात नीट बसवलेली मोटारसायकल साडेतीन हजार मीटर उंचीच्या लेहला नेली तर हवेची घनता सुमारे ३० टक्क्यांनी उतरते आणि मिश्रण जवळपास एक पंचमांशाने समृद्ध होते. गाडी धापा टाकते आणि काळा धूर सोडते. उंचीच कशाला, सकाळ-दुपारच्या तापमानातील फरकही एका टक्क्याची फट सहज ओलांडतो.

बीएस-६ ने दुचाकींची बेरीज मोडली. हायड्रोकार्बनला ०.१ ग्रॅम, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना स्वतंत्रपणे ०.०६ ग्रॅम. विरळ मिश्रणाचा आडोसा इथे संपला. ०.०६ साठी त्रिमार्गी उत्प्रेरक हवा, त्यासाठी १४.७ हवे, आणि ते धरून ठेवायला धुरातला ऑक्सिजन ओळखणारा संवेदक व त्याचे ऐकणारे इंजेक्टर हवे. झिर्कोनियाचा हा संवेदक समृद्ध मिश्रणाला सुमारे ०.९ व्होल्ट आणि विरळ मिश्रणाला सुमारे ०.१ व्होल्ट दाखवतो. संगणक त्याकडे पाहून इंजेक्टर क्षणभर जास्त, क्षणभर कमी उघडतो. प्रमाण स्थिर राहत नाही, १४.७ भोवती सतत हेलकावते, आणि उत्प्रेरकाला तेवढे पुरते. गार इंजिन सुरू करताना संवेदक अजून तापलेला नसतो, आणि पूर्ण थ्रॉटलला शक्तीसाठी मुद्दाम मिश्रण समृद्ध केले जाते. अशा वेळी हा फेरा सुटतो. म्हणूनच चाचणीतली गार सुरुवात कारखान्यांना सर्वांत जड जाते.

आता हा आकडाच बदलला आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच्या एका ग्रॅमला ९ ग्रॅम हवा पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० चे नेमके प्रमाण त्यामुळे सुमारे १३.५ येते. संवेदक असलेल्या गाडीला इंधन कोणते हे कळत नाही, फक्त धुरात ऑक्सिजन उरला एवढे कळते. ती आपोआप ६.८ ऐवजी ७.४ मिलिग्रॅम देते. शक्ती फारशी बदलत नाही, कारण एका ग्रॅम हवेमागे दोन्ही इंधने जवळपास सारखीच ऊर्जा देतात. लिटरमागची ऊर्जा मात्र सहा-सात टक्क्यांनी कमी पडते आणि फटका मायलेजला बसतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींत सहा-सात टक्के, तर तशाच दुचाकींत तीन-चार टक्के घट अपेक्षिली होती.

जुन्या कार्ब्युरेटरला हे जुळवून घेता येत नाही. तो तेवढेच इंधन ओततो आणि मिश्रण सुमारे ९ टक्क्यांनी विरळ होते. मूळचे मिश्रण १३ वर असेल तर निभावते, उलट धूर थोडा स्वच्छ होतो. पण मायलेजसाठी १६ वर आणलेल्या गाडीला हा धक्का पेट्रोलच्या मापात साडेसतरावर नेतो, आणि तिथे स्फोट हुकू लागतात. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल अचानक दिल्यावर गाडी अडखळते, कधी कार्ब्युरेटरमधून उलटा ‘फट्’ आवाज येतो. स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्याचे पोर्सेलीन तपकिरीऐवजी पांढरेफटक दिसते. उपाय जुनाच : एक माप मोठा मुख्य जेट आणि निष्क्रिय चालीच्या स्क्रूची थोडी फेरजुळणी.