धावत्या कागदाचं वजन कसं करतात? समजून घ्या पेपर मिलमधला बीटा गेज

झेरॉक्सच्या कागदाच्या रिमवर '८० जीएसएम' असं छापलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. पण पेपर मिलमध्ये हा कागद कित्येक मीटर रुंद पट्ट्याच्या रूपात, मिनिटाला शेकडो मीटर वेगानं धावत असतो. तुकडा कापून तराजूवर ठेवेपर्यंत बराच चुकीचा कागद गुंडाळला जाऊ शकतो. म्हणून कागदाला हात न लावता वजन सांगणारा बीटा गेज वापरतात.

गेज नेमकं काय मोजतो?

कागदाच्या एका बाजूला क्रिप्टॉन-८५ सारखा किरणोत्सारी स्रोत असतो, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर. स्रोतातून बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात. काही कागदात अडकतात, बाकीचे पार जातात. ही जोडी कागदाच्या रुंदीवर सतत ये-जा करते.

याला 'जाडी मोजणारा गेज' म्हणत असले, तरी तो मोजतो दर चौरस मीटरचं वजन. तोच कागद रोलरखाली दाबून पातळ केला, तरी आकडा जवळपास तोच राहतो.

मोजणीवरून वजन कसं काढतात?

एक सोपं उदाहरण घेऊ. कागद नसताना सेकंदाला १,००,००० कण मोजले जातात. कागद मध्ये आला की मोजणी या सूत्रानुसार घटते:

```
I = I0 × e^(−μm)
m = ln(I0 / I) / μ
```

इथे `m` म्हणजे जीएसएम आणि `μ` म्हणजे कागदाची कण अडवण्याची क्षमता. ती आधीच माहीत असलेल्या वजनाच्या नमुन्यांवरून ठरवतात. आपण ती ०.००३५ धरू. मग ८० जीएसएमला मोजणी सुमारे ७५,५८० येईल आणि ७८ जीएसएमला सुमारे ७६,११०.

फरक फक्त ५३० कणांचा. पण कण ठरावीक तालात बाहेर पडत नाहीत. ७६,००० च्या मोजणीत साधारण तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे २७५ कणांचा चढ-उतार आपोआप होतो. याचा अर्थ, कागद अगदी एकसारखा असला तरी एका सेकंदाचं वाचन सुमारे १ जीएसएमनं हलतं. १६ सेकंदांची सरासरी घेतली, तर ही हालचाल पाव जीएसएमवर येते. प्रत्यक्षात अनेक गेजमध्ये कण सुटे न मोजता त्यांच्यामुळे तयार होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतात, पण तत्त्व हेच.

आकडा व्हॉल्व्हपर्यंत कसा पोहोचतो?

बीटा कणांना लगद्याचे तंतू आणि पाणी यांतला फरक कळत नाही. ८० जीएसएमच्या कागदात ५ टक्के पाणी असेल, तर सुका भाग ७६ ग्रॅम. पाणी ७ टक्क्यांवर गेलं, तर तेवढ्याच सुक्या भागाचं वाचन ८१.७ येईल. त्यावर विसंबून लगदा कमी केला, तर कागद खरोखरच हलका होईल. म्हणून शेजारच्या सेन्सरनं मोजलेलं पाणी आधी वजा करतात. उरलेल्या सुक्या वजनाची तुलना ठरवलेल्या आकड्याशी होते आणि फरकानुसार दाट लगद्याचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो किंवा मिटतो.

घाई केली तर?

समजा, व्हॉल्व्हमधून निघालेला लगदा कागद होऊन गेजखाली यायला एक मिनिट लागतं. गेजला ७८ दिसले आणि कंट्रोलरनं २ जीएसएमची वाढ केली. पण पुढची तीन वाचनंही ७८ च दाखवणार, कारण सुधारलेला कागद अजून वाटेत आहे. कंट्रोलरनं प्रत्येक वेळी २ वाढवले, तर कागद ८६ वर जाईल. मग उलट दिशेनं तीच चूक होईल आणि वजन खाली-वर झुलत राहील.

म्हणून कंट्रोलर आधीच्या, वाटेत असलेल्या सुधारणा हिशेबात धरतो. आलेखावर ठरावीक अंतरानं लाट दिसली, तर व्हॉल्व्ह काही वेळ मॅन्युअलवर ठेवून पाहतात. लाट थांबली, तर दोष कंट्रोलरच्या घाईचा. कणांच्या चढ-उतारात असा ताल नसतो.

स्रोत जुना झाला की?

क्रिप्टॉन-८५ दर १०.७ वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा टक्का कमी. मोजणी घटली की गेजला कागद जड वाटतो. आपल्या उदाहरणात एका महिन्यात ही चूक दीड जीएसएम होईल. त्यामुळे गेज अधूनमधून कागदाबाहेर नेतात, रिकाम्या जागेची मोजणी घेतात आणि `I0` नवा करतात. ही तपासणी चुकली, तर पडद्यावर ८० स्थिर दिसतात आणि कागद मात्र हळूहळू हलका होत जातो. ते फक्त प्रयोगशाळेतल्या तराजूवरच उघड होतं.