उपवास आणि मधुमेह

मधुमेह असताना व्रताचा उपवास करायचा, तर जेवण आणि औषध यांच्या वेळा पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. बहुतेक त्रास उद्भवतो तो हा मेळ बिघडल्यामुळे. २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या ‘एपिडायार’ पाहणीत रमजानच्या महिन्यात टाइप २ मधुमेहींमध्ये साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण सुमारे साडेसात पट, तर गंभीररीत्या चढण्याचे सुमारे पाच पट वाढलेले आढळले. म्हणजे उपवास साखर उतरवतो तसा चढवतोही.

संकष्टी चतुर्थीत ही दोन्ही टोके एकाच दिवशी दिसू शकतात. समजा, एखादी व्यक्ती रोज सकाळी नाश्त्यापूर्वी ग्लिमेपिराइड आणि जेवणानंतर मेटफॉर्मिन घेते. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. सकाळी गोळी घेऊन नुसत्या चहावर राहिल्यास दुपारनंतर साखर घसरते. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा असतो, तोवर धीर धरणे धोक्याचे ठरते. म्हणून डॉक्टर अशा दिवशी ही गोळी बहुधा रात्रीच्या जेवणावर नेतात किंवा मात्रा कमी करतात. एकट्या मेटफॉर्मिनने साखर फारशी उतरत नाही. ते जेवणाबरोबर घ्यावे. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे लघवीवाटे साखर व पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे निर्जळी उपवासात ती घेण्याबाबत आधी विचारावे. इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते, पण ते मनाने बंद करू नये.

‘खायचेच नाही, तर गोळी कशाला?’ असा प्रश्न हमखास येतो. पण फराळ हेही खाणेच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडी, वर बटाटा आणि केळे, तेही गोळीविना, म्हणजे साखर चढणारच. त्यापेक्षा थोडी वरई, दही, ताक, मूठभर शेंगदाणे अशी विभागणी बरी.

हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काही जाणवले की ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास उपवास तिथेच सोडावा. साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खावे. ग्लुकोमीटर नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून साखर घ्यावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. साखर ३०० च्या वर असेल तर पाणी प्यावे आणि डॉक्टरांना गाठावे. उलट्या किंवा धाप असल्यास थांबू नये.

उपवास मोडला तर व्रतभंग होतो, हा आक्षेप टिकत नाही. कुराणात आजाऱ्याला रोजातून सूट आहे आणि हिंदू परंपराही आजाऱ्याला उपवासाची सक्ती करत नाही. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा अलीकडेच साखर उतरून बेशुद्धी आलेली असल्यास मुळात उपवासच करू नये. इतरांनी औषधांचा बदल उपवासाच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.