पुण्याला कुठला ट्रक पाठवू? (अर्थात, हंगेरियन पद्धतीची गोष्ट)

मंडळी, या शनिवारी थोडं गणित आणि थोडा इतिहास. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पुढे जाणार नाही!

१९५३ चा उन्हाळा. हॅरॉल्ड कून नावाचा अमेरिकन गणिती डेनेस कोनिग या हंगेरियन गणितज्ञाचं ग्राफ थिअरीवरचं १९३६ सालचं पुस्तक वाचत होता. वाचता वाचता एका तळटीपेत त्याला येनो एगेरवारी या दुसऱ्या हंगेरियन गणितज्ञाचा उल्लेख सापडला. एगेरवारीने १९३१ मध्ये कोनिगच्या प्रमेयाचा विस्तार करणारा लेख लिहिला होता. अडचण एकच, लेख हंगेरियन भाषेत होता. आपण काय केलं असतं? टॅब बंद! कूनने कॉलेजच्या ग्रंथालयातून हंगेरियन व्याकरण आणि शब्दकोश आणला, भाषा शिकला आणि लेखाचं भाषांतर केलं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एका अगदी साध्या प्रश्नासाठी. समजा वाशीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे चार ट्रक आहेत आणि आज चार फेऱ्या करायच्या आहेत. प्रत्येक ट्रकला एक फेरी आणि प्रत्येक फेरीला एक ट्रक. ट्रकचं वय, मायलेज, टायरची अवस्था वेगवेगळी, म्हणून खर्चही वेगळा. हा आपला तक्ता (आकडे माझे, हजार रुपयांत, जाऊन-येऊन):

```
      पुणे  नाशिक  सुरत  कोल्हापूर
क     ७     ९      १५    १८
ख     ८     १३     १४    २३
ग     ९     १३     १६    २३
घ     ८     ११     १७    २१
```

एकूण खर्च कमीत कमी कसा येईल?

आपलं व्यवहारी डोकं म्हणतं, सगळ्यात स्वस्त घर आधी उचला. क ला पुणे, ७. उरलेल्यांत सगळ्यात स्वस्त घ ला नाशिक, ११. मग ख ला सुरत, १४. शेवटी राहिला ग आणि राहिलं कोल्हापूर, २३. बेरीज ५५. पहिले तीन निर्णय झकास दिसले, पण त्यांचं बिल चौथ्यावर फाटलं.

मग सगळ्या शक्यता तपासू या? चार ट्रकना २४ वाटपं होतात, कागदावर जमेल. बारा ट्रकना ४७ कोटी ९० लाखांहून जास्त. १९५३ च्या संगणकावर हे शक्य नव्हतं, आणि आजही थोडे ट्रक वाढवले की आपला लॅपटॉप हात टेकेल.

आता गंमत बघा. समजा क ट्रकवर कुठल्याही फेरीला ७ हजारांचा टोल सरसकट माफ झाला. मग क च्या ओळीतले सगळे आकडे ७ ने कमी होतील, पण सर्वात स्वस्त *वाटप* बदलणार नाही, कारण क ला कुठे ना कुठे जायचंच आहे. रकान्यांचंही तेच: नाशिकला कुणीतरी जाणारच. म्हणून प्रत्येक ओळीतून तिचा सगळ्यात छोटा आकडा वजा करायचा (७, ८, ९, ८), मग प्रत्येक रकान्यातून उरलेला सगळ्यात छोटा (०, २, ६, ११). उरतं ते असं:

```
      पुणे  नाशिक  सुरत  कोल्हापूर
क     ०     ०      २     ०
ख     ०     ३      ०     ४
ग     ०     २      १     ३
घ     ०     १      ३     २
```

चार ट्रक चार वेगळ्या रकान्यांतल्या शून्यांवर बसले की काम फत्ते. इथे बसत नाहीत, कारण ग आणि घ दोघांकडे एकच शून्य आहे, दोघांनाही पुणंच हवंय. आपलं पुणंप्रेम!

इथे कोनिग येतो. त्याचं प्रमेय असं: एकमेकांच्या ओळी-रकान्यांत न येणारी जास्तीत जास्त जितकी शून्यं निवडता येतात, तेवढ्याच कमीत कमी रेघांत (आडव्या किंवा उभ्या) सगळी शून्यं झाकता येतात. आपल्या तक्त्यात पुण्याचा रकाना आणि क, ख च्या ओळी, एवढ्या तीन रेघा पुरतात. म्हणजे तीनच ट्रक बसतील, चौथा कितीही डोकं खाजवलं तरी बसणार नाही.

पुढची पायरी एगेरवारीच्या कल्पनेवर उभी आहे. न झाकलेल्या आकड्यांतला सगळ्यात छोटा घ्यायचा, इथे १. तो न झाकलेल्या सगळ्यांतून वजा करायचा आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात (क-पुणे आणि ख-पुणे) तिथे मिळवायचा:

```
      पुणे  नाशिक  सुरत  कोल्हापूर
क     १     ०      २     ०
ख     १     ३      ०     ४
ग     ०     १      ०     २
घ     ०     ०      २     १
```

ख कडे एकच शून्य, सुरत. मग ग ला पुणेच, घ ला नाशिक आणि क ला कोल्हापूर. मूळ तक्त्यात बघा: १४ + ९ + ११ + १८ = ५२. तीन हजार वाचले.

आणि पुण्याला कोण गेलं? ग, म्हणजे पुण्यासाठी सगळ्यात *महाग* ट्रक! पण नीट विचार केला तर पटतं. तोच ग पुण्याला क पेक्षा २ हजारच महाग पडतो, कोल्हापूरला मात्र ५ हजार. खटारा जवळच्या फेरीवर घालावा, कारण तिथे त्याचं नुकसान कोल्हापूरपेक्षा कमी. प्रश्न "कोण स्वस्त" हा नाहीच, "कोणाला कुठे हलवलं तर किती फरक पडतो" हा आहे.

५२ हून कमी होणार नाही कशावरून? वजा केलेल्या रकमा मोजा. ओळींचे ३२, रकान्यांचे १९, म्हणजे ५१. शेवटच्या पायरीत ग, घ च्या ओळींतून १-१ गेला, पुण्याच्या रकान्यात १ परत आला, निव्वळ १. एकूण ५२. उरलेल्या तक्त्यात ऋण आकडा एकही नाही, म्हणून कुठल्याही वाटपाचा खर्च ५२ किंवा जास्तच. उत्तरासोबत त्याची पावतीही मिळते! हाच एगेरवारीच्या प्रमेयाचा गाभा.

कूनने तीन आकडी संख्यांचे १२ बाय १२ चे तक्ते हाताने सोडवून पाहिले, एकालाही दोन तासांहून जास्त लागले नाहीत. १९५५ मध्ये त्याने पद्धत छापली आणि स्वतःचं नाव न देता तिला "हंगेरियन पद्धत" म्हटलं. १९५७ मध्ये जेम्स मंक्रेसने दाखवलं की तक्ता वाढला तरी पायऱ्या आटोक्यात राहतात. पुढे सुधारणा होऊन काम ट्रकसंख्येच्या घनाच्या प्रमाणात आलं.

हाताने करताना लोक एका ठिकाणी हमखास फसतात: रेघा गरजेपेक्षा जास्त मारतात. वरच्या दुसऱ्या तक्त्यात चारही ओळींवर चार रेघा मारल्या तर "झालं" असं वाटेल. म्हणून रेघा मोजून थांबू नये, चार ट्रक खरंच शून्यांवर बसवून बघावेत.

मर्यादाही आहेत. ट्रक पाच आणि फेऱ्या चार असतील तर शून्य खर्चाची एक खोटी फेरी जोडायची, जो ट्रक तिथे जाईल तो आज यार्डात. एखादा ट्रक एखाद्या फेरीला चालणारच नसेल तर त्या घरात भलामोठा आकडा टाकायचा. पण एका ट्रकच्या खर्चावर दुसरा ट्रक कुठे गेला याचा परिणाम होत असेल, किंवा एकाच ट्रकने दोन गावं जोडून करायची असतील, तर हा तक्ताच खोटा ठरतो. तो प्रश्न वेगळा आणि फार अवघड.

जाता जाता एक शेपूट. या पद्धतीचं सार कार्ल याकोबीलाही सापडलं होतं हे या शतकात लक्षात आलं. तो १८५१ मध्ये वारला, लेख १८९० मध्ये छापला गेला, आणि तोही लॅटिनमध्ये. कूनने हंगेरियन शिकून घेतली खरी, पण लॅटिनमध्ये उत्तर पडलंय हे सांगणारी तळटीप त्याला कुणी दिलीच नव्हती!