अळणी (निवळ)

कोंबडी किंवा मटण मसाला न घालता शिजवल्यावर भांड्यात उरणारा पातळ रस. धाराशिव जिल्ह्यात आणि शेजारच्या सोलापूरकडे काळ्या मसाल्याचा रस्सा करण्याआधी हा रस वेगळा काढतात. लहान मुलांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला तो वाटीत देतात किंवा त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून घेतात. शब्दाचा अर्थ ‘बिनमिठाचा’ असा असला तरी प्रत्यक्षात थोडे मीठ, हळद आणि आले-लसूण त्यात असते. रस्सा मसाल्याने काळाच होणार असल्याने मूळ पाणी गढूळ असले तरी चालते. वाटीतून प्यायच्या अळणीत मात्र गढूळपणा डोळ्यांना दिसतो आणि जिभेलाही पिठूळ लागतो.

निवळ अळणीसाठी मान, पाठ आणि पायांसह एक किलो गावरान कोंबडी अडीच लिटर थंड पाण्यात ठेवून मध्यम आचेवर चढवावी. पाणी हळूहळू तापू लागले की मांसातील विरघळणारी प्रथिने आणि उरलेले रक्त पाण्यात उतरते. पुढे उष्णतेने ते गोठते, त्याचे पुंजके होतात आणि करड्या फेसाच्या रूपाने वर येतात. सुरुवातीलाच उकळते पाणी ओतले तर ही प्रथिने बारीक कणांत गोठतात आणि कण पाण्यातच तरंगत राहतात. अनेक घरांत मांस आधी तेलात परततात आणि झाकणीच्या ताटात तापलेले पाणी त्यावर ओततात. त्याने चव खमंग होते, फेसही कमी येतो, पण तेल आणि परतलेले कण मिसळल्याने रस निवळ राहत नाही.

फेस साधारण पंधरा-वीस मिनिटांत येऊ लागतो. ही वेळ चुकवू नये. गुऱ्हाळात उसाच्या रसावरची मळी रस खदखदायच्या आत काढतात, त्यामागे हेच कारण आहे: जोराची उकळी फुटली की वर आलेला मळ फुटून पुन्हा रसात मिसळतो आणि मग झाऱ्याला सापडत नाही. पाणी न ढवळता सपाट पळीने फेस कडेकडून उचलावा. करडा फेस थांबून पांढरे, विरळ बुडबुडे उरले की हळद, आले, लसूण घालावे. हळद आधीच घातली तर फेस पिवळा होतो आणि काय काढायचे ते कळत नाही.

यापुढे रस रटरटू द्यायचा नाही. कडेने एखाद-दुसरा बुडबुडा यावा आणि पृष्ठभाग नुसता थरथरावा, एवढीच आच हवी. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या जवळच उकळते. मंद शिजणे त्याच्या पाच-दहा अंश खाली होते. हाडे-कातडीतील चिकट अंश उतरायला एवढी उष्णता पुरते. खदखदत्या पाण्यात चरबीचे थेंब फुटून इतके बारीक होतात की रस दुधाळ दिसतो, आणि ही चरबी नंतर वर येऊन साचत नाही. चुलीवर लाकडे बाहेर ओढून निखाऱ्यावर भांडे ठेवणे उत्तम. गावरान कोंबडीला दीड ते दोन तास लागतात, बॉयलरला पाऊण तास पुरतो. कुकर वापरल्यास पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी कमी करावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतले पाणी एकदम उसळते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाणी आटत असल्याने मीठ शेवटी घालावे. रस पळीने ओल्या मलमलीवर ओतावा, फडके पिळू नये आणि तळचा गाळ भांड्यातच ठेवावा. दिलेल्या मापात सुमारे पावणेदोन लिटर अळणी मिळते.

गढूळ झालेली अळणी सुधारता येते. ती थंड करून दर लिटरला फेटलेल्या एका अंड्याचा पांढरा बलक मिसळावा आणि मंद आचेवर ढवळत तापवावी. बलक गोठून वर जाळीसारखा थर आला की ढवळणे थांबवावे, दहा मिनिटांनी थर न मोडता रस गाळावा. गुळाच्या कढईत भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात, तेच काम येथे बलक करतो. थोडी चव त्याच्याबरोबर जाते.

भाज्यांच्या रसात गढूळपणा येतो तो पिष्टाने. गाजर, कांदा, दुधीची साले, कोथिंबिरीचे देठ अर्धा तास मंद शिजवले तर रस निवळ राहतो, बटाटा टाळावा. पुरणपोळीच्या कटासाठी काढलेली येळवणी याच जातीची. हरभऱ्याची डाळ बोटाने दबली पण फुटली नाही, तोच पाणी काढले तर ते पातळ आणि स्वच्छ मिळते.

ठेवलेली निवळ अळणी नंतर आपोआप गढुळली, तिला आंबूस वास आला किंवा बुडबुडे दिसले, तर ती नासलेली समजून टाकून द्यावी. उन्हाळ्यात हे काही तासांतच होते, म्हणून भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून लगेच निववावे.